‘निर्वेध व निजोखमी’ची पडताळणी

खरेदीखतात एक परिच्छेद ठरलेला असतो. सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणाचेही गहाण, दान, पोटगी, अन्नवस्त्र किंवा अन्य बोजा नाही, असे विक्रेता त्यात लिहून देतो. हे त्याचे म्हणणे झाले. ते खरे आहे का, हे पाहण्याचा सर्वांत ठाऊक असलेला मार्ग म्हणजे बोजा प्रमाणपत्र, बोलण्यात ‘ईसी’ किंवा ‘एन्कम्बरन्स सर्टिफिकेट’. मात्र हा कागद नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे माहीत नसेल तर तो हातात असूनही फसगत होऊ शकते.

प्रश्न मर्यादित आहे. अमुक वर्णनाच्या मिळकतीबाबत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, या नोंदणी कार्यालयात कोणकोणते दस्त नोंदवले गेले, एवढेच तो सांगतो. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीचे खरेदीखत, बक्षीसपत्र, नोंदणीकृत गहाणखत, एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागतात. त्यांची मिळकतवार सूची तयार होते आणि कोणीही फी भरून ती पाहू शकतो. बोजा प्रमाणपत्र म्हणजे त्या सूचीतला उतारा. त्याच्या नेहमीच्या नमुन्यातच असे म्हटलेले असते की शोध काळजीपूर्वक घेतला आहे, पण निकालात चूक राहिल्यास खाते जबाबदार नाही.

कर्नाटकात हा उतारा नमुना 15 वर मिळतो आणि त्या काळात एकही दस्त सापडला नाही तर नमुना 16 वर. बेळगाव-बिदरकडे किंवा बेंगळुरूत घर घेणाऱ्या मराठी माणसांना ही नावे ओळखीची असतील. गोव्यातही दुय्यम निबंधकाचा ‘निल एन्कम्बरन्स’ दाखला मागितला जातो, पण तिथल्या जुन्या मिळकतींसाठी पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणीही पाहावी लागते. महाराष्ट्रात ईसी हा शब्द सर्वत्र ऐकू येतो, तरी व्यवहारात तेच काम ‘इंडेक्स टू’ म्हणजे सूची क्रमांक 2 आणि त्यावरून वकिलाने तयार केलेला सर्च रिपोर्ट करतो. बँकेचा पॅनेलवरचा वकील कर्ज मंजुरीआधी जो शोध घेतो, तोही हाच.

हा शोध साधारणपणे मागच्या 30 वर्षांचा घेतात. या आकड्यामागे 1963च्या मुदत कायद्याचा आधार आहे. गहाण ठेवणाऱ्याला आपली मिळकत सोडवून घेण्यासाठी दावा करायला हा कायदा 30 वर्षे देतो. म्हणजे 25 वर्षांपूर्वी कोणी ताबा देऊन जमीन गहाण टाकली असेल, तर तो किंवा त्याचे वारस आजही दारात उभे राहू शकतात. 12 किंवा 15 वर्षांची ईसी ‘चालते’ असे सांगणारे एजंट भेटतात. कदाचित त्यांच्या कामापुरती ती चालत असेल, खरेदीदाराच्या कामाला ती अपुरी आहे.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक गुंतागुंत नोंदणी कार्यालयात रोज दिसणारी आहे. एक जोडपे 2025च्या अखेरीस नाशिकजवळच्या एका गावातला 200 चौरस मीटरचा बिगरशेती प्लॉट घेऊ पाहते आहे. साठेखताच्या मसुद्यात मिळकतीचे वर्णन ‘प्लॉट क्रमांक 7’ असे आहे. विक्रेत्याने स्वतःच काढलेला ऑनलाइन शोध दाखवला. त्यात एकच दस्त होता : 2008मध्ये विकासकाने त्याला करून दिलेले खरेदीखत. ना गहाण, ना भाडेपट्टा. प्लॉट स्वच्छ आहे, असे वाटावे.

जोडप्याच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला, प्लॉट 7 होण्याआधी ही जमीन काय होती? सूची मिळकतीच्या क्रमांकावरून शोधली जाते, आणि महाराष्ट्रात जमिनीचे क्रमांक बदलत आले आहेत. 1947च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण योजना झाली, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पुढे लेआउट मंजूर झाला की गटाचे प्लॉट पडतात. गाव शहराच्या पोटात गेले आणि नगर भूमापन झाले की सिटी सर्व्हे नंबर मिळतो आणि सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका तयार होते. जमीन तीच राहते, ओळख मात्र तीन-चार वेळा बदलते. शेवटच्या ओळखीवरून घेतलेला शोध त्या ओळखीच्या जन्मापाशी थांबतो.

या प्लॉटच्या तीन ओळखी निघाल्या. 2006पर्यंत तो 1 हेक्टर 20 आर क्षेत्राच्या गट नंबर 112चा भाग होता. त्यानंतर गट 112 पैकी प्लॉट 7 झाला. अलीकडे नगर भूमापनात त्याला सिटी सर्व्हे नंबर मिळाला. वकिलाने तिन्ही वर्णनांवर स्वतंत्र शोध घेतला.

ऑनलाइन शोधाला एक मर्यादा असते, ती इथे आडवी आली. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईचे दस्त 1985पासून आणि उरलेल्या महाराष्ट्राचे साधारण 2002पासून शोधता येतात. त्याआधीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरून हस्तलिखित सूचीची पुस्तके पानापानाने पाहावी लागतात. काही पाने फाटलेली असतात, काही पुसट. चांगला वकील आपल्या अहवालात ते वर्ष आणि ‘पाने फाटलेली’ असा शेरा लिहितो. तो शेरा वाचून सोडून द्यायचा नसतो, कारण तेवढ्या काळाबद्दल अहवाल काहीच सांगू शकत नाही. शिवाय मोठ्या शहरांत एकाच तालुक्यासाठी अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालये असतात आणि दस्त त्यांपैकी कुठेही नोंदवता येतो. पुण्याच्या हवेली तालुक्यातली एखादी मिळकत शोधताना एकाच कार्यालयाची पुस्तके चाळून भागत नाही.

तिन्ही ओळखींवर मिळून चार दस्त हाती लागले. पहिला 1998चा : मूळ शेतकऱ्याने अख्खा गट 112 एका नागरी सहकारी बँकेला गहाण दिल्याचे गहाणखत. दुसरा 2006चा : शेतकऱ्याच्या तीन मुलांनी विकासकाला करून दिलेले खरेदीखत. तिसरा 2008चा, विक्रेत्याने आधीच दाखवलेला. चौथा 2017चा, सिटी सर्व्हे नंबरावर सापडलेला, आणि त्याचा प्रकार होता ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’.

इंडेक्स टू वाचायची रीत सोपी आहे, पण सवड काढून वाचावी लागते. त्यात विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक आणि पोटहिस्सा, क्षेत्रफळ, दस्त करून देणारा, करून घेणारा, दस्त केल्याचा आणि नोंदवल्याचा दिनांक हे रकाने असतात. सगळे दस्त तारखेच्या क्रमाने मांडायचे आणि साखळी तपासायची. आदल्या दस्तात करून घेणारा जो आहे, तोच पुढच्या दस्तात करून देणारा हवा. नाव बदलले असेल तर मधल्या बदलाचा कागद हवा, मग ते मृत्युपत्र असो, वारस नोंद असो किंवा हक्कसोडपत्र. क्षेत्रफळही जुळले पाहिजे. दुसरे, प्रत्येक ‘बांधणाऱ्या’ दस्तासमोर ‘सोडणारा’ दस्त शोधायचा. गहाणखतासमोर गहाण सुटल्याचा रिकन्व्हेयन्सचा दस्त, आणि दुसऱ्या कोणाच्या नावे जुने साठेखत असेल तर ते रद्द केल्याचा लेख. जोडी जुळली नाही, तर तिथे प्रश्न आहे.

या चार दस्तांत दोन जोड्या जुळत नव्हत्या. 1998च्या गहाणाचा सोडलेख कुठेच नव्हता. विक्रेता म्हणाला, ‘अहो, इतकी वर्षं झाली, बँकेचा हक्क कधीच बुडाला असेल.’ गहाणाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत 12 वर्षांची आहे, हे खरे. पण मधल्या काळात कर्जदाराने व्याजाची रक्कम भरली असेल किंवा कर्ज मान्य असल्याचे लेखी दिले असेल, तर ती मुदत पुन्हा नव्याने सुरू होऊ शकते. खरेदीदाराला बँकेच्या खात्यात काय झाले हे दिसत नाही, त्यामुळे मुदतीच्या हिशोबावर विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या खतावणीवर आपले पैसे लावणे.

दुसरी न जुळलेली नोंद 2017च्या नोटिशीची. तिच्यामागे एक मोठी पळवाट आणि ती बुजवण्याचा महाराष्ट्राचा प्रयत्न आहे. घरकर्जात बँक बहुतेक वेळा गहाणखत नोंदवून घेत नाही. कर्जदार मूळ खरेदीखत बँकेकडे जमा करतो आणि त्याने मिळकत गहाण पडते. मूळ हक्कपत्रे ठेवून होणाऱ्या या गहाणाला नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे पूर्वी अशा मिळकतीची ईसी कोरी यायची आणि मिळकत मात्र बँकेकडे अडकलेली असायची. हरवलेल्या कागदांची तक्रार देऊन, प्रमाणित नकला काढून तीच मिळकत पुन्हा विकणाऱ्यांना हे रान मोकळे होते. महाराष्ट्राने नोंदणी कायद्यात दुरुस्ती केली आणि एप्रिल 2013पासून अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत नोंदणी कार्यालयात देणे बंधनकारक केले. तीच ही नोटीस ऑफ इंटिमेशन. आता ती इंडेक्स टूमध्ये दिसते. मात्र 2013पूर्वीच्या कर्जांची नोंद तिथे मिळेलच असे नाही, आणि सूचना द्यायची राहून गेली असेल तर तीही नाही.

म्हणून वकिलाने दुसरी खिडकी ठोठावली. बँका आणि वित्तसंस्था आपल्या तारणांची नोंद ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत करतात. 2002च्या सरफेसी कायद्याच्या आधारावर ही नोंदवही 2011मध्ये सुरू झाली. तिच्या संकेतस्थळावर नाममात्र फी भरून कोणालाही मिळकतीवरून किंवा कर्जदारावरून शोध घेता येतो. इथे 2017च्या कर्जाची नोंद सापडली आणि ती अजून जिवंत होती. एकच सदनिका चार बँकांना तारण देण्याचे प्रकार रोखण्यासाठीच ही यंत्रणा उभी राहिली, त्यामुळे फेरविक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याने ही पायरी तर चुकवूच नये.

बोजा प्रमाणपत्रात मुळातच न येणाऱ्या गोष्टी आता पाहू. शेतजमिनीवर किंवा मुळात शेती असलेल्या जमिनीवर सर्वांत नेहमीचा बोजा असतो तो गावच्या विकास सोसायटीचा. पीककर्ज घेताना सभासद ‘इकरार’ लिहून देतो आणि सहकारी संस्था कायद्याप्रमाणे जमिनीवर सोसायटीचा भार चढतो. त्याची नोंद तलाठ्याकडे जाते, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात बोजा दिसतो. इंडेक्स टू पाहणाऱ्याला तो दिसेलच असे नाही. कूळ, पुनर्वसनाचा शेरा, भोगवटादार वर्ग 2च्या जमिनीवरील हस्तांतरणाचे निर्बंध हेही सातबाऱ्यावरच कळतात. त्यामुळे महाराष्ट्रात सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि इंडेक्स टू ही दोन्ही शेजारी ठेवून वाचायची असतात.

आपल्या उदाहरणात नव्या मिळकत पत्रिकेवर काहीच नव्हते. वकिलाने बंद झालेला गट 112चा जुना सातबारा आणि त्यावरचे फेरफार काढले. सोसायटीचा एक बोजा होता, पण तो फेड झाल्यावर कमी केल्याचा फेरफारही मिळाला. ती जोडी जुळली. मात्र त्याच कागदांत एक वेगळीच गोष्ट निघाली. मूळ शेतकरी 2001मध्ये वारला, तेव्हा वारस नोंदीच्या फेरफारात तीन मुलांबरोबर एका मुलीचेही नाव चढले होते. 2006च्या खरेदीखतावर तीन भावांच्याच सह्या होत्या. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिल्याचा दस्त ना सूचीत, ना फेरफारात. वडिलांच्या मिळकतीत तिचा हिस्सा होता आणि तो कोणीच विकत घेतलेला नव्हता.

हा दोष कोणत्याही बोजा प्रमाणपत्रात दिसला नसता, कारण न झालेल्या दस्ताची नोंद नसते. प्रमाणपत्र कर्ज आणि हस्तांतरण दाखवते. विकणाऱ्याला विकण्याचा पूर्ण हक्क होता का, हा मालकी हक्काचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दस्त उघडून वाचल्याशिवाय मिळत नाही. मृत्युपत्रालाही नोंदणीची सक्ती नाही, तोंडी कौटुंबिक वाटणीची नोंद नसते, मालमत्ता कराची आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाची थकबाकी या सूचीत येत नाही. न्यायालयातल्या दाव्याबाबत महाराष्ट्रात तो चालू असल्याची नोटीस नोंदवण्याची तरतूद आहे, त्यामुळे ती नोंदवलेली असेल तर शोधात सापडते. नसेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विक्रेत्याच्या नावाने शोध घ्यावा लागतो.

म्हणून जोडप्यासमोर तीन कामे आली आणि त्यांनी बयाणा देण्याआधीच ती मांडली, कारण पैसे गेल्यानंतर हीच कामे विनवण्या होतात. पहिले, 1998ची बँक. ती पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली असल्यास आताच्या बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र घ्यायचे आणि रिकन्व्हेयन्सचा दस्त नोंदवून घ्यायचा. नुसत्या ना-हरकत पत्राने सूचीतली गहाणाची नोंद मोकळी होत नाही. दुसरे, बहीण किंवा ती नसेल तर तिचे वारस. त्यांनी 2006च्या विक्रीला मान्यता देणारे आणि आपला हिस्सा सोडणारे नोंदणीकृत पुष्टीपत्र करून द्यावे. हे काम विक्रेत्याचे आणि त्याच्या विकासकाचे. ते तयार नसतील, तर व्यवहार सोडून देणेच शहाणपणाचे.

तिसरे, चालू कर्ज. हे ऐकायला भीतीदायक वाटते, पण तिघांत सोपे आहे. विक्रेत्याने आपल्या बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आणायची. खरेदीदार त्या रकमेचा धनादेश विक्रेत्याच्या नावे न देता थेट त्याच्या कर्जखात्याच्या नावे देतो, उरलेला मोबदला नंतर. कर्ज पूर्ण फिटले की 30 दिवसांत मूळ कागद परत करणे आणि नोंदवहीतला भार काढून टाकणे हे रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023पासून बँकांना बंधनकारक केले आहे. बँकेच्या बाजूने उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी लागते. मूळ कागदांची यादी आणि परत आलेले कागद खरेदीदाराने एकेक करून ताडून पाहायचे. सरसाईवरची नोंद बंद झाल्याचा नवा उतारा काढायचा आणि मगच खरेदीखत करायचे.

नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याची तपासणी थोडी वेगळी असते. प्रकल्पाच्या जमिनीवरचे बोजे विकासकाने महारेराच्या संकेतस्थळावर जाहीर करायचे असतात आणि तिथेच मालकी हक्काचा अहवालही असतो. विकासकाने प्रकल्पासाठी कर्ज काढलेले असणे हा दोष नव्हे, पण आपल्या फ्लॅटपुरते त्या बँकेचे ना-हरकत पत्र हवे. करार झाल्यानंतर विकासकाने तो फ्लॅट गहाण ठेवला, तर त्या गहाणाने खरेदीदाराच्या हक्काला बाधा येत नाही, असे रेरा कायदा सांगतो. करार होण्याआधीच्या गहाणाला हे संरक्षण लागू नाही. त्यामुळे बुकिंगच्या आधीची तपासणी अधिक मोलाची.

राहतो तो तारखांचा प्रश्न. शोध ज्या दिवसापर्यंत घेतला, त्याच दिवसापर्यंत तो खरा असतो. सप्टेंबरमध्ये काढलेला अहवाल आणि डिसेंबरमधली नोंदणी यांच्यामध्ये विक्रेत्याने दुसऱ्याला साठेखत करून दिले, तर जुना अहवाल त्याबद्दल काही सांगू शकत नाही. म्हणून खरेदीखताच्या एक-दोन दिवस आधी तिन्ही वर्णनांवर शोध पुन्हा घ्यायचा. दरम्यान वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिलेली बरी. तिने नोंदणीत न येणारे वारस आणि दावेदार पुढे येतात, शिवाय खरेदीदाराने पुरेशी चौकशी केली होती हे पुढे दाखवता येते.

आणि तो ठरलेला परिच्छेद कायम ठेवायचाच. बोजासहित विक्री ठरलेली नसेल तर विक्रीवेळचे सर्व बोजे फेडण्याची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायदा विक्रेत्यावरच टाकतो. त्यातला माहीत असलेला दोष त्याने लपवायचा नसतो. खरेदीखतात सापडलेल्या प्रत्येक गहाणाचा दस्त क्रमांक, तो कोणत्या दस्ताने सुटला तो क्रमांक, आणि पुढे काही दावा निघाल्यास विक्रेता नुकसान भरून देईल असा स्पष्ट मजकूर घालावा. ‘कोणताही बोजा नाही’ या मोघम वाक्यापेक्षा ‘1998चे गहाण अमुक दस्ताने सुटले आहे’ हे वाक्य न्यायालयात अधिक टिकते. खरेदीनंतर मिळकत पत्रिकेवर आपले नाव चढवून घ्यावे आणि रिकन्व्हेयन्सच्या दस्ताची नोंदणीकृत प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवावी. पुढे हा प्लॉट आपण विकायला काढू, तेव्हा शोध घेणाऱ्याला 1998चे गहाण दिसणारच आहे. तेव्हा त्याच्या शेजारची जोडी आपल्यालाच दाखवावी लागेल.